दिसते तेच, पण सापडत नाही : एका हँडओव्हर नोटमधल्या 'दऱ्या'

पडद्यावर दोन शब्द सारखे दिसले की ते सारखेच असतात, असं आपण धरून चालतो. मराठी शीर्षकांच्या बाबतीत हा समज रोज खोटा ठरतो. इंदूरमधल्या ज्या ऑडिओकथांच्या कंपनीत मी कंटेंट एक्झिक्युटिव्ह होते, तिथली नोकरी सोडताना माझ्या जागी येणाऱ्या मुलीसाठी हँडओव्हर नोट लिहायला घेतली. शीर्षकांचा साचा अर्ध्या पानात आटोपला. 'मेटाडेटातल्या राहिलेल्या दुरुस्त्या' या मथळ्याखाली मात्र लिहीतच गेले, कारण नुसतं 'हे बदल' म्हणून भागत नाही. काय बिघडलंय ते कळल्याशिवाय बदलायला हात लावला तर जास्त बिघडतं.

साच्याचं आधी उरकते. आमचं शीर्षक `मालिका : भाग 07 : कथेचं नाव` असं असतं. सातच्या आधी शून्य का? यादी लावताना कॉम्प्युटर आकड्यांची किंमत बघत नाही, डावीकडून एकेक चिन्ह ताडून बघतो. त्यामुळे शून्य नसेल तर 'भाग 10' हा 'भाग 2'च्या आधी येऊन बसतो. आणि आकडे एकाच लिपीतले हवेत. देवनागरी सात आणि इंग्रजी सात ही त्याच्या लेखी दोन वेगळी चिन्हं आहेत. सरमिसळ झाली की एका मालिकेचे दोन तुकडे पडतात.

आता मूळ दुखणं. मांडूवरच्या मालिकेत एका भागाचं नाव 'मांडूच्या दऱ्या' आहे. भाग यादीत दिसतो, वाजतो, पण शोधपट्टीत 'दऱ्या' लिहिलं तर काही फोनवर सापडतो आणि काहींवर 'निकाल नाही' असं येतं. शीर्षक नजरेनं कितीही तपासा, त्यात चूक दिसत नाही, कारण दिसण्यात चूक नाहीच.

कॉम्प्युटर अक्षराचं चित्र साठवत नाही, क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक तक्त्यात द चा क्रमांक 0926 आहे, र चा 0930, य चा 092F. हे क्रमांक दहाऐवजी सोळा अंकचिन्हांच्या पद्धतीत लिहितात, म्हणून मध्येच F येतो. मराठी जोडाक्षरांना स्वतःचे क्रमांक नाहीत. ती व्यंजन, हलन्त (094D), व्यंजन अशा ओळीतून फॉन्ट तयार करतो. र, हलन्त, य अशी ओळ आली की नियमानं य च्या डोक्यावर रफार बसतो आणि 'र्य' मिळतं. 'सूर्य'साठी हे ठीक आहे. पण 'दऱ्या', 'दुसऱ्या', 'कोपऱ्यात' यांत रफार नको, ती आडवी, पापणीसारखी रेघ हवी. हिंदीला ती लागत नाही, मराठीचं तिच्यावाचून चालत नाही.

हा फरक नुसता सजावटीचा नाही. 'आचार्यांना' म्हणताना र् आधीच्या चा वर आदळतो. 'आचाऱ्यांना' म्हणताना तो पुढच्या य बरोबर हलकेच निघून जातो, आधीच्या अक्षरावर आघात येत नाही. पहिले आचार्य मठात बसतात, दुसरे आचारी लग्नाच्या पंगतीत कढईपाशी उभे असतात. तसंच 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचं अनेकवचन. मांडू विंध्याच्या कड्यावर वसलेलं, समुद्र तिथून कुठल्या कुठे.

ही आडवी रेघ मिळवायचे एकाहून जास्त मार्ग युनिकोडमध्ये आहेत, आणि सगळा घोळ इथेच आहे. एक मार्ग म्हणजे खाली टिंब असलेला ऱ. त्याचा क्रमांक 0931. तो मुळात द्राविडी भाषांतला र देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवलेला, पण त्याला हलन्त लावलं की फॉन्ट टिंब न दाखवता आडवी रेघ काढतो. दुसरा मार्ग जुना, 1996 साली आलेल्या युनिकोड 2.0 च्या काळचा: साधा र, हलन्त आणि त्यामागे 200D हे अदृश्य चिन्ह. या चिन्हाला रुंदी नाही, छापल्यावर काही दिसत नाही; ते फॉन्टला एवढंच सांगतं की इथे रफार करू नकोस. जुना मार्ग रद्द केला असता तर आधी लिहिलेला सगळा मजकूर मोडला असता, म्हणून दोन्ही वैध राहिले. तिसरा मार्ग म्हणजे र आणि खालचं टिंब, म्हणजे नुक्ता (093C), वेगवेगळे देणं. 'दऱ्या' आमच्या कॅटलॉगमध्ये पुढच्या चारही रूपांत आहे:

```
1)  0926 0931 094D 092F 093E
2)  0926 0930 094D 200D 092F 093E
3)  0926 0930 093C 094D 092F 093E
4)  0926 0930 094D 092F 093E
```

पहिली तीन रूपं पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात. चौथं मात्र 'दर्या' आहे. शोधयंत्र क्रमांकांच्या ओळी ताडून बघतं. एकाने पहिल्या रूपात शीर्षक भरलं आणि श्रोत्याच्या कीबोर्डनं दुसऱ्या रूपात शोध लिहिला, की जुळणी फसली. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर Shift+J दाबलं की थेट 0931 मिळतो. उच्चारावरून लिहायच्या कीबोर्डांपैकी काही अजून 200D घालतात. वेबपत्त्याचंही तेच. पत्त्यात प्रत्येक क्रमांकाचे तीन बाइट होतात आणि वेगळे क्रमांक म्हणजे वेगळा पत्ता, म्हणून आधी वाटलेली लिंक शीर्षक पुन्हा टाइप करून जतन केल्यावर मरते.

ओळखायचं कसं? त्यासाठी प्रोग्रामर लागत नाही. शब्द साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा, शेवटी कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकेकदा दाबा. बहुतेक साध्या एडिटरमध्ये दर वेळी एकच क्रमांक पुसला जातो. आधी काना जातो, मग य. तिसऱ्या दाबण्याला खाली टिंब असलेला ऱ उरला तर रूप पहिलं किंवा तिसरं. तिसऱ्या दाबण्यानंतरही हलन्त तसंच राहिलं आणि चौथ्याला बिनटिंबाचा र उघडा पडला, तर मध्ये 200D दडलेलं होतं.

याच जागी एक किस्सा सांगायलाच हवा. एका निर्मात्याला अंकशास्त्राप्रमाणे शीर्षकातली अक्षरं मोजून हवी होती, अंक शुभ यावा म्हणून. 'दऱ्या'त कानाला दोन अक्षरं ऐकू येतात. क्रमांक मोजले तर पाच, नाहीतर सहा. बाइट मोजले तर पंधरा, नाहीतर अठरा. ग्रहांना यातली कुठली मोजणी चालते, हे त्यांच्या ज्योतिषानं काही कळवलं नाही. शीर्षकात ठराविक संख्येत शब्द कोंबले की सर्च इंजिन प्रसन्न होतं असं सांगणारे सल्लागारही मला त्याच पंथाचे वाटतात.

दुरुस्तीची पहिली पायरी युनिकोडनंच देऊन ठेवली आहे. तिला एनएफसी म्हणतात. एकाच अक्षराची अधिकृतपणे समान मानलेली रूपं ती एका रूपात आणते. तिनं तिसरं रूप पहिल्यात जातं. दुसरं जात नाही, कारण 200D असलेली ओळ आणि 0931 असलेली ओळ युनिकोडच्या लेखी समान नाहीत, नुसत्या सारख्या दिसतात. तेवढं आपण हातानं सांगायचं. 'ॲप'चीही हीच कथा. ॲ ला स्वतःचा 0972 हा क्रमांक 2008 साली, युनिकोड 5.1 मध्ये मिळाला. त्याआधी लोक अ वर अर्धचंद्र देत, अजूनही देतात, आणि एनएफसी या दोघांना एक मानत नाही.

```python
import unicodedata

def saaf(s):
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
    return unicodedata.normalize("NFC", s)
```

इथे थोडं किचकट आहे, पण इंदुरात हे टळत नाही, कारण आमची निम्मी शीर्षकं हिंदी आहेत. मराठीत 'राजवाडा', हिंदीत 'राजवाड़ा'. हिंदीतल्या त्या ड़ ला 095C असा सबंध क्रमांक आहे, शिवाय ड आणि नुक्ता असं सुटं रूपही आहे. एनएफसी ऱ ला जोडून ठेवते, पण ड़ ला तोडते. 0958 ते 095F हे क्रमांक युनिकोडनं 'पुन्हा जोडू नये' अशा यादीत टाकलेत, म्हणून. परिणामी सबंध ड़ वापरून लिहिलेलं 'बड़वाह' नावाचं शीर्षक साफ केल्यावर दिसायला तसंच राहतं, पण आतून एका क्रमांकानं लांब होतं. यात बिघाड काही नाही, अट एकच: साठवलेलं शीर्षक आणि श्रोत्यानं लिहिलेला शोध, दोन्ही त्याच `saaf` मधून गेले पाहिजेत. फक्त शीर्षकं साफ केली तर आज सापडणारे काही भाग उद्या सापडेनासे होतील.

चौथ्या रूपावर कोड चालत नाही. जुन्या आयातीच्या वेळी 'नको ती अदृश्य चिन्हं' काढणारी एक चाळणी लावली होती. तिनं रिकाम्या जागांबरोबर 200D ही उडवलं. दुसऱ्या रूपातून ते गेलं की चौथं रूप उरतं, म्हणजे दऱ्यांचा समुद्र होतो आणि लग्नघरच्या स्वयंपाकावरच्या मालिकेत 'आचार्यांची आमटी' शिजते. उलट सगळे 'र्या' बदलून 'ऱ्या' करायला जाल तर कार्यालय, मर्यादा, आर्या आणि सूर्या बिघडतील. माणसाला मात्र एक खूण बरीचशी पुरते: मूळ शब्दाच्या शेवटी रा, री किंवा रे असेल (दुसरा, कोपरा, किनारा, दरी, आचारी) तर विभक्तीत किंवा अनेकवचनात आडवी रेघ, मूळ शब्दातच र्य असेल (सूर्य, कार्य, आचार्य) तर रफार. 'दर्या' एकटाच असेल तर ही खूणही थकते, कारण मूळ शब्द दर्या की दरी हे कथा ऐकल्याशिवाय कळत नाही. 'ऱ्हा'कडेही बघायचं, कऱ्हाडचं 'कर्हाड' झालेलं सापडेल.

भाषेचा रकाना शेवटी घ्यायचा. लिपी एकच असल्यामुळे आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेनं बरीच मराठी शीर्षकं `hi`, म्हणजे हिंदी, म्हणून नोंदली आहेत. 'राजवाडा' या एकट्या शब्दावरून तिनं तरी काय ओळखावं? ही शीर्षकं `mr`, म्हणजे मराठी, झाली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, आणि पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकतं. पण हा बदल शीर्षकं साफ झाल्यावरच करायचा, कारण आमची यंत्रणा रकाना बदलताना शीर्षकावरून वेबपत्ता नव्यानं बनवते. जुने पत्ते नव्याकडे वळवायची फाइल सामायिक फोल्डरमध्ये आहे. 'र्या' असलेल्या संशयित शीर्षकांची यादीही तिथेच आहे. त्यातल्या ज्या ओळी पिवळ्या आहेत, त्यांच्या कथा अजून कोणी ऐकून बघितलेल्या नाहीत.