पार्श्वभूमी : खर्च ऑर्डरवर लिहायचा की प्रक्रियेवर?

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापडगिरणीत गाठी फोडून कापूस साफ करतात, पिंजतात, त्याचं सूत काढतात आणि सुताचं कापड विणतात. तयार ताग्यातलं अमुक सूत कोणत्या गाठीतून आलं, हे सांगता येत नाही आणि त्याची गरजही नसते. त्यामुळे खर्च खात्याखात्याने मोजायचा, तिथून निघालेल्या मालावर वाटायचा आणि पुढच्या खात्याकडे सरकवायचा, ही रीत गिरण्यांना सोयीची पडली. अमेरिकेतल्या लायमन मिल्सच्या १८५० च्या दशकातल्या हिशेबवह्यांतही खर्चाची अशी बारकाईची मांडणी आढळते. याच रीतीला पुढे प्रोसेस कॉस्टिंग म्हणू लागले.

प्रत्येक ऑर्डरचा खर्च स्वतंत्र मोजणाऱ्या जॉब कॉस्टिंगची वाट वेगळी आहे. अमेरिकी लष्कराच्या शस्त्रनिर्मिती विभागातले कॅप्टन हेन्री मेटकाफ यांनी १८८० च्या दशकात प्रत्येक कामाच्या हुकमाला क्रमांक दिला. त्या कामावर लागलेला माल आणि कामगाराचा वेळ कार्डांवर नोंदवायचा, अशी त्यांची पद्धत होती. आजचं जॉब कार्ड त्याच घराण्यातलं.

नागपुरातल्या सीताबर्डी किंवा महाल भागातल्या शिंप्याकडे हे कार्ड आधीपासूनच असतं. मापाच्या पावतीला गिऱ्हाइकाच्या कापडाचा तुकडा टाचलेला असतो आणि पावतीचा नंबर कापडावरही लावलेला असतो. अडचण येते ती दुकानभाडं, वीज, इस्त्री यांसारखा वरखर्च वाटताना.

समजा, एका महिन्यात २० शेरवान्या आणि शाळेचे ४०० शर्ट शिवले. शेरवानीला १४ तास लागतात, शर्टाला एक. म्हणजे एकूण ६८० तास. वरखर्च २७,२०० रुपये, म्हणून तासाला ४० रुपये. शेरवानीचं अस्तर, कॅनव्हास, बटणं ९०० रुपये आणि कारागिराची मजुरी १,८०० रुपये. त्यात १४ तासांचे ५६० रुपये मिळवले की खर्च ३,२६० रुपये होतो. शर्टाचं सामान २० रुपये, मजुरी ६० आणि वरखर्च ४० धरून १२० रुपये.

आता तोच वरखर्च ४२० नगांवर सारखा वाटून पाहा. प्रत्येक नगावर सुमारे ६५ रुपये येतात. शर्ट १४५ रुपयांना पडल्यासारखा दिसतो आणि शेरवानी २,७६५ रुपयांना. शाळेला दिलेला भाव चढा ठरून ऑर्डर हातची जाते, आणि लग्नसराईत शेरवानीवर जो नफा दिसतो त्यातले जवळपास ५०० रुपये खरे नसतातच. दुकानात गर्दी असूनही गल्ल्यात पैसा का उरत नाही, याचं उत्तर अनेकदा या वाटपात सापडतं. म्हणून शिवणकामाला जॉब कॉस्टिंगच हवं. ४०० सारख्या शर्टांची ऑर्डर आली तरी तिचं एकच कार्ड करावं आणि एकूण खर्चाला ४०० ने भागावं. याला बॅच कॉस्टिंग म्हणतात.

बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायन कारखान्यात मात्र अशा कार्डाचा उपयोग नाही. रिअॅक्टरमधला कोणता किलो कोणत्या गिऱ्हाइकाचा, हे कोण सांगणार? तिथे खरा प्रश्न घटीचा असतो. समजा, १,००० किलो कच्चा माल ८०,००० रुपयांना घेतला आणि वाफ, वीज, मजुरी मिळून २८,००० रुपये लागले. वाफ होऊन किंवा गाळात १०० किलो जाणारच, ही नेहमीची घट. तिची काही किंमत येत नसेल तर १,०८,००० रुपये अपेक्षित ९०० किलोंवर वाटायचे, म्हणजे किलोला १२० रुपये. प्रत्यक्षात ८८० किलोच निघाले तर उरलेले २० किलो ही जादा घट. तिचे २,४०० रुपये मालाच्या किमतीत न मिसळता थेट नफा-तोट्याला न्यायचे.

गडबड होते ती इथे. सुपरवायझरने नेहमीची घट १०० ऐवजी १२० किलो धरली, तर सगळा खर्च ८८० किलोंवर पसरतो आणि भाव १२२.७३ रुपये होतो. जादा घट वहीत दिसतच नाही. व्हॉल्व्हमधली गळती किंवा कच्च्या मालातला जास्तीचा ओलावा विक्रीच्या भावात लपून जातो. म्हणून घटीचं प्रमाण मागच्या बॅचच्या नोंदींवरून आणि प्रयोगशाळेच्या तपासणीवरून ठरवावं, या महिन्याच्या निकालावरून ठरवू नये.

भारतात कॉस्ट अकाउंटंटांची संस्था १९४४ साली उभी राहिली आणि १९५९ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. ठरावीक उद्योगांना खर्चाच्या नोंदी सक्तीच्या करण्याचा अधिकार १९६५ च्या दुरुस्तीने सरकारला मिळाला. २०१४ च्या नियमांत अनेक रसायनं यादीत आहेत आणि त्यांच्या बाबतीत ३५ कोटींच्या उलाढालीपासून कंपन्यांना या नोंदी ठेवाव्या लागतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना यातून सूट आहे. त्यामुळे शिंप्याच्या पावतीमागे कायद्याचा धाक नाही. ती ठेवायची ती स्वतःच्या भावासाठी.

एखाद्या औषध कंपनीने खास तिच्या कृतीचं रसायन थोड्या प्रमाणात बनवून मागितलं, तर तेवढ्यापुरतं रसायन कारखान्यालाही कार्ड उघडावं लागतं. त्या बॅचचा नंबर, तिच्यासाठी रिअॅक्टर धुण्यात गेलेले तास आणि वापरलेलं सॉल्व्हंट तिच्याच नावावर लिहायचं. धुण्याचा खर्च रोजच्या मालावर पडला, तर त्या खास मालाचा भाव खोटा स्वस्त निघतो.