एक टीएमसी म्हणजे किती घनमीटर?

पावसाळ्यात उजनीचा साठा बातम्यांत बहुधा टीएमसीमध्ये छापला जातो आणि जायकवाडीचा दलघमीमध्ये, त्यामुळे कोणत्या धरणात पाणी जास्त आहे हे वाचकाला पटकन ठरवता येत नाही. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष, अर्थात एक अब्ज घनफूट. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर.

रूपांतराचा आधार एकच आहे: 1 फूट म्हणजे नेमके 0.3048 मीटर. मात्र येथेच सर्वाधिक चुका होतात, कारण अनेक जण घनफुटांनाही थेट 0.3048 नेच गुणतात. एक फूट बाजूचा ठोकळा डोळ्यांसमोर आणला, तर त्याची लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही 0.3048 मीटर भरतात, म्हणून हा गुणक तीनदा लावावा लागतो. 0.3048 × 0.3048 × 0.3048 हा गुणाकार 0.0283168 येतो, तेवढे घनमीटर म्हणजे एक घनफूट. त्याला एक अब्जाने गुणले की 1 टीएमसी म्हणजे सुमारे 2 कोटी 83 लाख 17 हजार घनमीटर, म्हणजेच 28.317 दलघमी, हे उत्तर मिळते.

उजनीचा एकूण साठा 117.23 टीएमसी आहे. त्याला 28.317 ने गुणल्यास सुमारे 3,320 दलघमी येतात. गुणक एकदाच लावला असता, तर उत्तर 35,700 दलघमीच्या वर गेले असते. साठवणक्षमतेत देशात सर्वांत मोठ्या असलेल्या इंदिरासागर जलाशयाची क्षमताही सुमारे 12,200 दलघमीच आहे, तेव्हा असे उत्तर दिसताच गणित पुन्हा तपासावे.

उलट दिशेने जाताना 28.317 ने भागावे. जायकवाडीचा उपयुक्त साठा 2,171 दलघमी, म्हणजे 76.67 टीएमसी. उजनीच्या 117.23 पेक्षा हा आकडा लहान दिसतो, परंतु ही तुलनाच चुकीची आहे, कारण उजनीच्या आकड्यात 63.66 टीएमसी मृतसाठा धरलेला आहे. उजनीचा उपयुक्त साठा केवळ 53.57 टीएमसी, म्हणजे सुमारे 1,517 दलघमी आहे. उपयुक्त साठ्यात जायकवाडी पुढे आहे, आणि गुणाकार कितीही अचूक केला तरी साठ्याचा प्रकार न पाहिल्यास हे लक्षात येत नाही.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या संदेशांत कधी कधी साठा शेवटच्या घनमीटरपर्यंत दिलेला असतो. अशा अचूकतेवर विश्वास ठेवू नये. धरणावर प्रत्यक्षात पाण्याची पातळी मोजली जाते आणि त्या पातळीला किती साठा, हे आधी तयार केलेल्या तक्त्यावरून वाचले जाते. दरम्यान गाळ साचला असेल, तर नवे सर्वेक्षण होऊन तक्ता सुधारेपर्यंत तो गाळही पाणी म्हणूनच मोजला जातो. म्हणून 28.317 ऐवजी 28.3 घेतल्याने पडणारा हजारात एकाहून कमी फरक या त्रुटीपुढे नगण्य ठरतो.