दंड भरला की विषय संपला?

“जागेवर दंड भरून पावती घेतली की विषय संपला, गुन्हा कुठलाही असो, कोर्टात जायचं काम नाही.”

वाहतुकीच्या दंडाबद्दल असा समज आहे, पण तो अर्धाच खरा. तो पसरण्यामागं कारण आहे, कारण हेल्मेट, सिग्नल अशा रोजच्या चलनांत नेमकं तसंच घडतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 मध्ये काही कलमांची यादी आहे. त्या गुन्ह्यांत ठरलेलं तडजोड शुल्क भरलं की कोर्टात खटला चालत नाही. यादीबाहेरच्या गुन्ह्यात मात्र अंमलदाराला तडजोड करायचा अधिकारच नसतो.

समजा, दसरा चौकात रात्री एकाला अडवलं. डोक्यावर हेल्मेट नाही, आणि श्वासचाचणीत 100 मिलि रक्तामागं 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू निघाली. हेल्मेटचा दंड तिथंच भरता येतो. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम 185 त्या यादीत नाही. तो खटला न्यायाधीशांपुढेच जातो. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हेल्मेटची पावती दाखवून सुटका नाही, आणि तारखेला गैरहजर राहिलं तर वॉरंट निघू शकतं. ‘इथंच काय ते मिटवू’ म्हणून कुणी पैसे घेतले, तर ती तडजोड नव्हे, लाच.

पडताळायचं कसं? चलनावर कलम लिहिलेलं असतं. ते कलम 200 च्या यादीत आहे का, एवढंच पाहा. समन्स आलंच तर हजेरी स्वतःची लागेल की वकिलामार्फत चालेल, हे त्यातला मजकूर वाचून वकिलाला विचारावं.