शाळेतलं व्याज आणि बचत गटातलं व्याज

सातवीच्या गणितात सरळव्याज येतं. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. बारा वर्षांच्या मुलानं जन्मात कधी कर्ज काढलेलं नसतं, तरी तो सूत्र पाठ करतो, कारण ते परीक्षेत येणार आहे आणि बाईंनी सांगितलंय. बचत गटाच्या सचिव ताईंचं नेमकं उलटं असतं. त्यांना सूत्र माहीत नसतं, पण ‘पाच हजाराला शेकडा दोननं महिन्याचे शंभर’ हे त्या कागद न घेता सांगतात.

या दोघांना एकाच पद्धतीनं शिकवायचं का, हा अँड्रागॉजीचा प्रश्न आहे. हा शब्द म्हणजे प्रौढ साक्षरता वर्ग असा पुष्कळांचा समज असतो, पण साक्षरता हा त्यातला एक विषय झाला. मोठ्या माणसाला काहीही शिकवताना काय गृहीत धरायचं, याचा हा विचार आहे. शब्द जर्मन शिक्षक अलेक्झांडर काप यांनी 1833 मध्ये वापरला. अमेरिकेत प्रौढ शिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी तो 1968 पासून लोकांपुढे आणला. (ग्रीकमध्ये ‘अँड्रोस’ म्हणजे पुरुषाचा. आपलं उदाहरण बायकांचं आहे, ही गंमत सोडून देऊ.)

नोल्स यांचं म्हणणं थोडक्यात असं: मोठा माणूस स्वतःचे निर्णय स्वतः घेत आलेला असतो, अनुभव घेऊन वर्गात बसतो, आज नडलेलं शिकायला तयार असतो, आणि ‘हे कशाला?’ याचं उत्तर आधी मागतो. यातला अनुभवाचा मुद्दा सगळ्यांत जास्त बोलला जातो, आणि माझ्या मते सगळ्यांत अर्धवट समजला जातो.

समजा, गटानं एका सदस्येला 5,000 रुपये कर्ज दिलं. व्याज महिन्याला शेकडा 2, मुद्दलाचा हप्ता 500, दहा महिने. पहिल्या महिन्याला व्याज 100, म्हणजे भरणा 600. दुसऱ्या महिन्याला सचिव ताई पुन्हा 600 लिहितात. चूक गुणाकाराची नाही. गावच्या सावकाराकडं असंच चालतं, शंभर म्हणजे शंभर. प्रत्यक्षात मुद्दल 4,500 उरलेलं, त्यामुळं व्याज 90 आणि भरणा 590. शिल्लक मुद्दलावर धरलं तर दहा महिन्यांचं व्याज 550 होतं; सावकारी हिशोबानं 1,000. कर्जदार बाईच्या खिशातून 450 रुपये जास्त जातात.

सातवीच्या मुलाकडून ही चूक या कारणानं होणार नाही, कारण त्याच्याकडं पुसून काढायला सावकार नाही. त्याला फळ्यावर नियम दिला की तो कोऱ्या पाटीवर उतरतो. ताईंची पाटी भरलेली आहे. तोच अनुभव तोंडी हिशोब जलद करतो आणि तोच पुढं आडवा येतो. म्हणून ‘तुमचे अनुभव सांगा’ म्हणत तासभर गोल बसवलं की अँड्रागॉजी झाली, असं नाही. अनुभव बाहेर काढायचा तो तपासायला.

मग सत्र कसं बांधायचं? सुरुवात सूत्रानं नको. गटाच्या वहीसारखीच एक कर्ज नोंदवही उघडा आणि विचारा, “पाचशे परत आले. मग आता गटाचे किती तिच्याकडं?” “साडेचार हजार.” “मग व्याज कशावर घेतलं?” इथं जी शांतता पसरते ती मोडू नका. बहुतेक वेळा मागची कुणीतरी बोलते. आणि चूक ज्या वहीत सापडली ती समोर बसलेल्या सचिवाची नसावी. आधी बनवलेली नमुना वही वापरा. मुलाच्या वहीवर लाल रेघ मारली तर तो उद्या विसरतो. चाळिशीच्या बाईला सगळ्यांसमोर चुकलेलं दाखवलं तर ती पुढच्या सत्राला सुनेला पाठवते.

आणखी एक अडचण नोल्स यांनीही नोंदवली होती. घर, शेत, गट सांभाळणारी माणसं वर्गात बसली की पुन्हा विद्यार्थी होतात. “सर, तुम्हीच सांगा, आम्ही उतरवून घेतो.” इथं ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून अंग काढून घेणं चुकीचं. पहिली दोन उदाहरणं तुम्ही सोडवून दाखवा, तिसरं जोडीनं, चौथं त्यांच्या खऱ्या कर्जाचं.

विषय पूर्ण नवा असेल, उदाहरणार्थ हीच नोंद मोबाइलवर भरायची असेल, तर चाळिशीची बाई आणि बारा वर्षांचा मुलगा जवळजवळ एकाच पायरीवर असतात. एकेक बटण दाखवून, करून घेऊन, पुन्हा करून घेऊन. तिथं शाळेची पद्धतच बरी. उलट किराणा दुकानात बसणाऱ्या मुलाला नफा-तोटा शिकवताना गल्ल्यापासून सुरुवात करावी. नोल्स यांच्या 1970 च्या पुस्तकाच्या उपशीर्षकात पेडागॉजी, म्हणजे मुलांना शिकवण्याचा विचार, आणि अँड्रागॉजी एकमेकींच्या विरोधात उभ्या होत्या. 1980 च्या आवृत्तीत ते बदलून एकीकडून दुसरीकडं जाण्याचं झालं. वयाची रेघ त्यांनीच पुसली.