लोकेशन कशाला हवं?

ठाण्यातल्या बसथांब्यांचं एक छोटं अ‍ॅप आम्ही बनवत होतो. आयफोनवर परवानगीच्या चौकटीत दिसणारं वाक्य लिहायचं काम माझ्याकडे आलं. जुनं वाक्य असं होतं: ‘उत्तम अनुभवासाठी आम्हाला तुमच्या लोकेशनची आवश्यकता आहे.’

नौपाड्यातल्या मावशीला ते वाचायला दिलं आणि फोन काढून घेतला. ‘समजलं का?’ असं विचारलं की माणसं हमखास हो म्हणतात. म्हणून विचारलं, “मावशी, तुझ्या फोनमधून काय जाणार, कुठे आणि कधी?” ती म्हणाली, “मी कुठे कुठे जाते ते दिवसभर बघत बसणार असतील.” वाक्यात तसं काहीच नव्हतं. पण तसं नाही, हेही कुठे लिहिलं नव्हतं.

नवं वाक्य मी झटक्यात लिहिलं: ‘जवळचा थांबा शोधण्यासाठी लोकेशन वापरतो. ते फोनमध्येच राहतं.’ डेव्हलपर हसला. थांबा सर्व्हर शोधत होता, म्हणजे लोकेशन बाहेर जात होतं. तेही १९.१८६१२३ असं, दशांशचिन्हानंतर ६ अंक! सहावा अंक म्हणजे जेमतेम ११ सेंटीमीटर. फोनचा जीपीएस स्वतःच काही मीटर चुकतो, तिथे इतक्या अंकांचा काय उपयोग? वर ते सगळं सर्व्हरच्या लॉगमध्ये पडून राहत होतं.

म्हणून वाक्याआधी कोड बदलला. फोनमध्येच ३ अंक ठेवून बाकीचे छाटले. उरला साधारण १०० मीटरचा चौकोन. जवळचे चार थांबे दाखवायला तेवढा पुरतो. अँड्रॉइडचं ‘अंदाजे’ लोकेशन मात्र सुमारे ३ चौरस किलोमीटरचं असतं. त्यात स्टेशन आणि तलावपाळी एकत्रच येतात. लॉगमधली नोंदही बंद केली. मग लिहिलं:

```xml
<key>NSLocationWhenInUseUsageDescription</key>
<string>जवळचे बसथांबे शोधण्यासाठी, अ‍ॅप उघडं असतानाच, तुमचं ठिकाण (साधारण १०० मीटरपर्यंत) आमच्या सर्व्हरला जातं. तिथे ते साठवलं जात नाही. परवानगी नको असेल तर थांब्याचं नाव टाइप करा.</string>
```

`WhenInUse` म्हणजे अ‍ॅप वापरात असतानाच. पण हे लेबल फक्त वाचण्यापुरतं. सर्व्हर पुढे काय करतो, ते आयफोन तपासत नाही. उद्या कुणी लॉग पुन्हा सुरू केला, तर वाक्य त्याच क्षणी खोटं ठरेल.

अँड्रॉइडवर चौकटीतला मजकूर सिस्टिमचा असतो, बदलता येत नाही. तिथे हेच वाक्य त्या चौकटीच्या आधी आमच्या स्क्रीनवर दाखवतो, तेही ‘जवळचा थांबा’ बटण दाबल्यावर. अ‍ॅप उघडताक्षणी विचारलं, तर कशासाठी ते कळायला माणसासमोर काहीच नसतं.

मावशीला पुन्हा तेच विचारलं. “बटण दाबलं की मी कुठल्या भागात आहे ते तुमच्याकडे जाणार. पण ठेवणार नाही म्हणता.” थोडं थांबून तिने ‘नाही’ दाबलं आणि ‘गोखले रोड’ टाइप केलं.