चिडलेल्या ग्राहकाचा फोन: नव्या कर्मचाऱ्यांना आम्ही काय आणि कसं शिकवतो

आपल्या बँकेच्या, पतसंस्थेच्या किंवा सर्व्हिस सेंटरच्या हेल्पलाइनवर नवी मुलं-मुली बसणार असतील, तर त्यांना आमच्याकडे पाठवण्याआधी हे वाचावं. प्रशिक्षण पाच दिवसांचं आहे, रोज तीन तास. एका तुकडीत नऊच जण घेतो, कारण निम्म्याहून जास्त वेळ रोल प्लेमध्ये जातो आणि तो तिघा-तिघांच्या गटात होतो. एक ग्राहक, एक फोन घेणारा आणि तिसरा नुसता ऐकून टिपणारा.

ग्राहक होणाऱ्याला आम्ही एक कार्ड देतो. त्यावर तक्रार असते, तो न विचारता सांगणार नाही अशी एक अडचण असते आणि राग कशाने चढायचा, कशाने उतरायचा हेही लिहिलेलं असतं. हे कार्ड नसेल तर मुलं एकमेकांना सांभाळून घेतात, दोन मिनिटांत ‘ग्राहक’ हसायला लागतो आणि सराव वाया जातो.

दुसऱ्या दिवशीचं कार्ड असं आहे. सोमवारी संध्याकाळी एटीएममधून पाच हजार काढायला गेलेल्या बाईंच्या खात्यातून रक्कम कापली गेली, पण मशिनमधून नोटा आल्या नाहीत. मंगळवारी सकाळी त्या फोन करतात. गुरुवारी मुलीची फी भरायची आहे, पण ते त्या आपणहून सांगत नाहीत.

पहिल्या फेरीत बहुतेक जण म्हणतात, “मॅडम, आधी शांत व्हा.” कार्डाप्रमाणे राग इथेच चढतो: “माझे पैसे गेलेत आणि तुम्ही मला शांत व्हायला सांगता?” मग घाबरून मुलगा बोलून जातो, “उद्यापर्यंत येतील, मॅडम.” या वाक्याची आम्हाला जास्त काळजी वाटते. आजचा फोन सुटतो, पण बुधवारचा फोन याच्या दुप्पट रागाने येतो.

मग तोच प्रसंग पुन्हा. बाईंचं बोलणं पूर्ण होऊ द्यायचं, मध्ये फक्त “हो, ऐकतोय.” नंतर त्यांचीच हकीकत त्यांना परत सांगायची: “काल संध्याकाळी पाच हजार कापले गेले आणि एकही नोट आली नाही. बरोबर ना?” ‘पाच हजार’ आणि ‘काल संध्याकाळी’ हे दोन तपशील परत ऐकले की माणसाला पटतं की आपलं बोलणं पोहोचलं. मग विचारायचं, “हे पैसे तातडीने कशासाठी लागणार होते का?” फी इथे बाहेर येते.

उत्तर मात्र खरंच द्यायचं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमाप्रमाणे अशी रक्कम बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांच्या आत स्वतःहून परत जमा करायची असते. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई. म्हणजे शनिवारपर्यंतची मुदत. “गुरुवारच्या आत येतील असं मी सांगू शकत नाही, मॅडम. तक्रार नोंदवून नंबर एसएमएस करतो, तो शाळेत दाखवता येईल.” बाई खूश होत नाहीत, पण आवाज खाली येतो. नव्या माणसाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

प्रत्येक फेरीनंतर आधी फोन घेणारा स्वतः बोलतो, मग ‘ग्राहक’ सांगतो की राग नेमक्या कुठल्या शब्दावर चढला आणि शेवटी तिसरा आपली चेकलिस्ट वाचतो. त्या यादीत “सहानुभूती दाखवली का?” असा प्रश्न नाही. दोघांनी ऐकलं तर दोन उत्तरं येतील. आमचे प्रश्न हो किंवा नाही इतकेच:

– ग्राहकाचं बोलणं मध्येच तोडलं का?
– रक्कम आणि दिवस परत उच्चारला का?
– होल्डवर ठेवताना विचारलं का, किती वेळ ते सांगितलं का, त्या वेळात परत आला का?
– नियमात नसलेलं वचन दिलं का?

जिथे चुकलं त्या उत्तराशेजारी उच्चारलेलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं. नंतर पूर्ण फोन नाही, फक्त चुकलेल्या वाक्यापासून पुढे पुन्हा खेळायचं. सुधारणा होते ती या दुसऱ्या खेपेला.

शिवीगाळ करणाऱ्या फोनसाठी चौथा दिवस आहे. एकदा स्पष्ट सूचना, तरीही थांबलं नाही तर फोन वरिष्ठांकडे आणि त्या मुलीला दहा मिनिटं खुर्चीवरून मोकळीक. हे तुमच्याकडे मान्य असेल तरच आम्ही शिकवतो. नाहीतर आमचा शब्द तिला पहिल्याच आठवड्यात खोटा वाटेल.

तुकडीआधी तुमच्याकडच्या दहा चिडलेल्या फोनची रेकॉर्डिंग द्या, नावं आणि खाते क्रमांक काढून. सोबत प्रत्येक तक्रार किती दिवसांत सुटते आणि नवा कर्मचारी स्वतःच्या अधिकारात काय देऊ शकतो, हे एका कागदावर लिहून द्या. कार्डं आम्ही त्यावरूनच बनवतो.