मधाच्या रंगाची खपली आणि घरातली बाकीची मुलं

नाकाखाली किंवा ओठांच्या कडेला लहान फोड येतो, फुटतो, लस गळते आणि वाळून मधासारखी पिवळी खपली धरते. याला डॉक्टर इम्पेटिगो म्हणतात. 'उष्णता झाली' किंवा 'रक्त खराब आहे' असं आपल्याकडे अजूनही म्हटलं जातं. पण हा एका मुलाकडून दुसऱ्याला होणारा आजार आहे, हे लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ विल्यम टिलबरी फॉक्स यांनी १८६४ मध्येच मांडलं होतं.

तो नेमका कसा पसरतो, हे कळायला आणखी शंभर वर्षं गेली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रेड लेक या आदिवासी वस्तीत १९६०च्या दशकात संशोधकांनी मुलांच्या घशातून, नाकातून आणि निरोगी कातडीवरून वारंवार नमुने घेतले. स्ट्रेप्टोकोकस हा जंतू फोड येण्याच्या साधारण दहा दिवस आधीच चांगल्या कातडीवर येऊन बसलेला असायचा. घशात तो नंतर पोहोचायचा. दुसरा जंतू, स्टॅफिलोकोकस, मात्र आधी नाकात आढळायचा. दोघांनाही आत शिरायला डासाचा चावा, खरजेचं खाजवणं किंवा वाहत्या नाकानं सोललेली कातडी पुरते.

म्हणूनच भावंडांची काळजी फोड दिसण्याआधीच घ्यावी लागते. समजा, चार वर्षांच्या मुलाला नाकाखाली खपली आली आणि सात वर्षांची बहीण त्याच्याच शेजारी झोपते. तिची कातडी आज स्वच्छ दिसली तरी पुढचे दोन आठवडे रोज नीट पाहायची. टॉवेल, उशीची खोळ, पांघरूण वेगळं ठेवायचं, ते गरम पाण्यात धुवायचं. दोघांचीही नखं कापायची.

हात धुण्याचा उपाय फार साधा वाटतो, पण त्याला भक्कम आधार आहे. कराचीच्या गरीब वस्त्यांमध्ये घरोघरी साबण देऊन हात धुवायला शिकवलं, तेव्हा मुलांमधला इम्पेटिगो सुमारे एक तृतीयांशानं कमी झाला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काही घरांना साधा, तर काहींना जंतुनाशक साबण दिला होता. जंतुनाशक साबणानं वेगळा फायदा दिसला नाही.

उपचारांचंही बरंच बदललं. पूर्वी पाऱ्याचं मलम आणि जांभळं जेन्शन व्हायोलेट लावत. १९८०च्या दशकात म्युपिरोसिन हे जंतू मारणारं मलम आलं. दोन-चारच फोड असतील तर खपली कोमट साबणपाण्यानं भिजवून मऊ करायची, ओढून काढायची नाही, मग डॉक्टरांनी दिलेलं मलम सहसा दिवसातून तीनदा, पाच दिवस लावायचं. मलम लावल्यावर हात पुन्हा धुवायचे. फोड पुष्कळ असतील किंवा ताप असेल, तर पोटातून अँटिबायोटिक लागतं. औषध सुरू झाल्यावर एक-दोन दिवस मुलाला शाळेत पाठवू नये. दुकानातून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब मात्र लावू नये. तिनं लाली उतरते आणि संसर्ग आत वाढत राहतो.

रेड लेकमध्ये संशोधक गेले, ते मुळात मूत्रपिंडाच्या आजाराच्या साथीमुळे. कातडीवरच्या स्ट्रेप्टोकोकसनंतर साधारण तीन आठवड्यांनी क्वचित मूत्रपिंडाला सूज येते. फोड बरे झाल्यावरही सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी लघवी आणि रक्तदाब तपासून घ्यावा.